गरम सुरुवात, मग मंद आच : ओटीजीत डोमवाले मफिन

बेकरीतल्या मफिनचं डोकं कागदाच्या वर चांगलं बोटभर आलेलं असतं, मध्ये एखादी भेग असते आणि कडा किंचित कुरकुरीत. घरी तीच कृती १८० अंशांवर भाजली की मफिन चवीला छान होतो, पण वरून सपाट राहतो. हा फरक बऱ्याच अंशी तापमानाच्या क्रमात आहे. आधी साधारण २२० अंश सेल्सिअसवर पाच-सहा मिनिटं आणि मग ओव्हनचं दार न उघडता १७५-१८० अंशांवर उरलेलं भाजणं, एवढाच तो क्रम. सांगायला सोपा आहे, पण घरच्या छोट्या ओटीजीत तो जमवायचा तर बॅटरचा घट्टपणा आणि ओव्हन खरोखर किती तापलाय, या दोन गोष्टी आधी ताब्यात याव्या लागतात. बॅटर पातळ असेल तर नुसता नॉब फिरवून डोम येत नाही.

डोम येतो कसा

मफिन ओव्हनमध्ये गेला की दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. बेकिंग पावडरमधून वायू सुटतो, बॅटरमधल्या पाण्याची वाफ व्हायला लागते आणि सगळं वर फुगू पाहतं. त्याच वेळी अंडं आणि मैद्यातला स्टार्च गरम होऊन घट्ट होत जातात आणि जो भाग घट्ट झाला तो तिथेच थांबतो. डोमचा आकार ठरतो तो यातलं काय कुठे आधी घडतं त्यावर.

ओव्हन मंद असेल तर कडा आणि मधला भाग जवळजवळ बरोबरीने तापतात. सगळं सारखं फुगतं, सारखंच घट्ट होतं आणि माथा सपाट येतो. केकला आपल्याला तेच हवं असतं, म्हणून केक १६०-१७० अंशांवर भाजतात. ओव्हन कडक तापलेला असेल तर धातूच्या साच्याला टेकलेला बाहेरचा भाग पहिल्या काही मिनिटांतच पकडून बसतो. मधलं बॅटर मात्र अजून ओलं असतं आणि वायू तर जोरात सुटतोय. त्याला बाजूला सरकायला जागा नाही, म्हणून ते मधूनच वर येतं.

मग शेवटपर्यंत २२० वर का भाजायचं नाही? मधला भाग शिजायला एकूण अठरा-वीस मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात २२० वर वरचा पापुद्रा काळपट होतो, कडा कोरड्या पडतात आणि टूथपिक तरीही ओलीच येते. गरम टप्पा आकार देण्यापुरता आहे. तो झाला की शिजवण्याचं काम मंद आचेवर सोपवायचं.

ओटीजी खरंच २२० वर आहे का?

माझ्या मते नव्या माणसाने मफिन ट्रेच्याही आधी ओव्हन थर्मामीटर घ्यावा. जाळीला अडकवायचा साधा, काट्याचा पुरतो. ओटीजीच्या नॉबवरचा आकडा आणि आतलं तापमान यांत वीस-तीस अंशांचा फरक सहज निघतो, आणि तो कुठल्या बाजूला निघेल हे प्रत्येक मशीनचं वेगळं. तुमच्या ओटीजीत नॉब २०० वर ठेवल्यावर आत २२० होत असतील तर तुमच्यासाठी २२० म्हणजे नॉबवरचे २००. एकदा तपासून डायरीत लिहून ठेवलं की वर्षभर उपयोगी पडतं.

ओटीजीचा दिवा पहिल्यांदा विझला की बरेच जण ट्रे आत ठेवतात. तो दिवा फक्त इतकंच सांगतो की थर्मोस्टॅटजवळची हवा तापली आणि रॉड बंद झाले. भिंती आणि जाळी अजून पुरत्या तापलेल्या नसतात, त्यामुळे दार उघडताच सगळी ऊब निघून जाते. दिवा विझून, परत लागून, पुन्हा एकदा विझेपर्यंत थांबा. एकूण वीस मिनिटं धरा. प्रीहीट करताना नॉब २३० वर ठेवायचा, कारण दार उघडून ट्रे ठेवेपर्यंत तापमान चांगलंच उतरतं. ज्यांच्या ओटीजीत २३० च शेवटचा आकडा आहे त्यांनीही बिनधास्त तिथे ठेवावा.

वरचा-खालचा असे दोन्ही रॉड चालू हवेत. जाळी अशा खणात लावा की मफिन फुगल्यावरही त्याचं डोकं आणि वरचा रॉड यांत चार बोटं अंतर राहील. लहान ओटीजीत याचा अर्थ बहुधा खालून पहिला किंवा दुसरा खण. ही जागा ओव्हन थंड असतानाच, रिकामा ट्रे आत ठेवून बघून घ्या.

सहा मफिनचं बॅटर

बाजारात मिळणारा सहा खळग्यांचा धातूचा ट्रे बहुतेक घरगुती ओटीजीत मावतो, म्हणून प्रमाण सहाचंच देते. शक्यतो वजनकाट्यावर मोजा. वाटीने मैदा घेतला की दाबून भरला की मोकळा यावर वीस-तीस ग्रॅम इकडेतिकडे होतात, आणि इथे तेवढ्यानेही बॅटर पातळ होऊ शकतं.

कोरडं साहित्य : मैदा १५० ग्रॅम, बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, मीठ पाव छोटा चमचा.

ओलं साहित्य : साखर ९० ग्रॅम, अंडं १, घट्ट दही १२० ग्रॅम, दूध ३० मिली, वास नसलेलं तेल ५० मिली, व्हॅनिला अर्धा छोटा चमचा.

शेवटी घालायला : चोकोचिप्स ६० ग्रॅम.

चमचा म्हणजे मोजायचा ५ मिलीचा चमचा, चहाचा नव्हे. दही वरचं पाणी काढून टाकलेलं हवं. घरचं दही सैल असेल तर अर्धा तास फडक्यात टांगा. अंडं, दही आणि दूध फ्रिजमधून आधीच बाहेर काढून ठेवा, कारण थंडगार बॅटरचा मधला भाग शिजायला उशीर लागतो आणि मग पुढचं सगळं वेळापत्रक बिघडतं.

मैदा, बेकिंग पावडर आणि मीठ एकत्र दोनदा चाळून घ्या. दुसऱ्या भांड्यात अंडं आणि साखर मिनिटभर फेटा, मग दही, दूध, तेल आणि व्हॅनिला घालून एकजीव करा. इथे हवं तेवढं ढवळा, काही बिघडत नाही. जपायचं ते यानंतर. ओल्यावर कोरडं सगळं एकदम घाला आणि उलथन्याने तळापासून वर, भांडं थोडं थोडं फिरवत, दहा-पंधरा वेळा परता. कोरड्या मैद्याच्या एक-दोन रेघा दिसत असतानाच चोकोचिप्स घाला, अजून चार-पाच हात फिरवा आणि थांबा. गुठळ्या राहिल्या तर राहू द्या, त्या भाजताना मुरतात. गुळगुळीत होईपर्यंत घोटलं की मैद्यातलं ग्लुटेन ताणलं जातं. मफिन चिवट होतो, आत उभे बोगदे पडतात आणि माथ्याला गोल डोमऐवजी वाकडं टोक येतं.

आता घट्टपणा. बॅटर भज्यांच्या पिठापेक्षा घट्ट हवं. चमचाभर उचलून तिरका केला तर ते धारेने वाहता कामा नये. क्षणभर चिकटून राहून मग गोळा होऊन पडलं पाहिजे, आणि पडल्यावर त्याचा उंचवटा तसाच राहिला पाहिजे. पसरून सपाट होत असेल तर दोन मोठे चमचे मैदा हलक्या हाताने मिसळा. उलट उलथन्यालाच धरून बसत असेल तर चमचाभर दूध घाला.

बॅटर तयार झालं की झाकून वीस मिनिटं ओट्यावर ठेवा. मैदा पाणी पितो, बॅटर आणखी घट्ट होतं आणि ओव्हन तापायलाही तेवढाच वेळ लागतो. मात्र बेकिंग पावडरच्या डब्यावर ‘डबल अ‍ॅक्टिंग’ असं लिहिलेलं असेल तरच इतका वेळ थांबा. अशी पावडर थोडा वायू भिजल्यावर सोडते आणि बाकीचा उष्णता लागल्यावर. साधी पावडर भिजताक्षणीच बरंचसं काम उरकून टाकते, तेव्हा तिथे पाच मिनिटं पुरेत. मुरलेलं बॅटर पुन्हा ढवळू नका, तसंच चमच्याने उचला.

अंडं नको असेल तर त्याऐवजी ४५ ग्रॅम जास्त दही घ्या, बेकिंग पावडर एक छोटा चमचा करा आणि कोरड्यात पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा घाला. सोडा दह्याला भेटताच कामाला लागतो, त्यामुळे हे बॅटर मुरवायचं नाही, ओव्हन पुरता तापल्यावरच कोरडं-ओलं एकत्र करायचं. डोम येतो, पण अंड्याच्या मफिनपेक्षा थोडा बसका.

भरणं

केकचा साचा दोन-तृतीयांश भरायचा ही सवय इथे सोडावी लागते. मफिनचा खळगा काठोकाठ भरायचा आणि मध्ये थोडा उंचवटाही ठेवायचा. अर्धा भरलेला कप काठापर्यंत येतो आणि तिथेच घट्ट होतो, वर काढायला त्याच्याकडे बॅटरच उरलेलं नसतं. वरच्या प्रमाणात साधारण ९० ग्रॅमचे सहा भाग होतात. तुमच्या ट्रेचे खळगे लहान असतील आणि बॅटर उरलं तर ते एखाद्या छोट्या स्टीलच्या वाटीत तेल लावून भाजा, पण काठाबाहेर सांडेल इतकं भरू नका.

खळग्यांत कागदी कप लावा आणि ट्रेच्या वरच्या सपाट भागालाही तेलाचा हात फिरवा. फुगलेलं डोकं कडेला पसरून ट्रेला चिकटलं तर काढताना टोपी वेगळी आणि बूड वेगळं होतं. ट्रे बारा खळग्यांचा असेल आणि मफिन सहाच असतील तर एकाआड एक खळगा भरा, प्रत्येकाला चारी बाजूंनी उष्णता मिळते. ट्रेशिवाय नुसते कागदी कप ताटलीत मांडून भाजू नका. बॅटरच्या वजनाने ते फाकतात आणि मफिन वर जायचा तो आडवा होतो.

वरून जाड साखर भुरभुरायची असेल तर चिमूटभरच. २२० वर साखर पटकन रंगते.

घड्याळ लावून

ओव्हन २३० वर पुरता तापलाय, ट्रे भरून तयार आहे. दार उघडा, ट्रे मधोमध ठेवा, लगेच दार लावा आणि नॉब २२० वर आणा. मोबाइलवर सहा मिनिटं लावा. ओटीजीचा स्वतःचा टायमर इतक्या छोट्या वेळेला विश्वासाचा नसतो. त्याला थोडा जास्त फिरवून ठेवा, म्हणजे ओव्हन मध्येच बंद पडणार नाही.

पहिली दोन मिनिटं काचेतून काहीच घडताना दिसत नाही. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला कडेच्या बॅटरची चकाकी जाते, मध्ये मात्र ते अजून ओलं, चमकतं असतं. पाचव्या मिनिटाला मधला भाग काठाच्या वर उचलला जातो. सहाव्या मिनिटाला कडेला फिकट, कोरडी रिंग तयार झालेली दिसते आणि मध्ये मऊ, ओला उंचवटा. हीच नॉब खाली आणायची वेळ. रंग अजून जवळजवळ पांढराच असतो आणि तो तसाच असायला हवा. या टप्प्यालाच कडा तपकिरी व्हायला लागल्या तर तुमचा ओव्हन आकड्यापेक्षा गरम आहे, पुढच्या वेळी पाचव्या मिनिटालाच उतरवा. सहाव्या मिनिटालाही मफिन काठाशीच असेल तर सातपर्यंत थांबा, त्यापुढे नको.

नॉब १७५ वर आणा. दार उघडायचं नाही, ट्रे फिरवायचा नाही. दार उघडलं तर गार हवेने अजून न शिजलेला मध्यभाग खाली बसतो आणि पुन्हा वर येत नाही.

नॉब फिरवताच दिवा विझतो, रॉडची लाली जाते आणि ओव्हन बंद पडल्यासारखा वाटतो. घाबरून नॉब परत वर करू नका. आतलं तापमान २२० वरून १७५ ला उतरेपर्यंत रॉड लागणारच नाहीत. जाड पत्र्याच्या मोठ्या ओटीजीत याला बरीच मिनिटं जातात, छोट्यात पटकन उतरतं. तेवढा वेळ मफिन साठलेल्या उष्णतेवर शिजत असतो, आणि वरचा रॉड बंद असल्याने माथा जळत नाही, हा फायदाच. याच काळात डोम पूर्ण उंचीला येतो आणि माथ्यावर भेग पडते. भेग पडताना तिच्यात बॅटर ओलं, चकचकीत दिसतं. ती कोरडी दिसायला लागली की मफिन होत आला.

उतरवल्यापासून अकराव्या मिनिटाला, म्हणजे एकूण सतराव्याला, पहिल्यांदा दार उघडा. डोमच्या मध्यावर बोटाने हलकं दाबा. खळगा लगेच भरून आला पाहिजे. मग टूथपिक भेगेतून तळापर्यंत घाला. दोन-चार ओलसर कण चिकटले तर झालं, बॅटरचा लेप आला तर अजून दोन मिनिटं. टूथपिक चोकोचिपमध्ये गेली तर ती चॉकलेट लागूनच येणार, जागा बदलून पुन्हा बघा. स्वयंपाकाचा टोचायचा थर्मामीटर असेल तर मध्ये ९६ ते ९८ अंश दिसले की बंद करा. बहुतेक ओटीजीत एकूण वेळ अठरा ते वीस मिनिटं भरतो. बारा मिनिटांच्या सुमारासच माथा गडद होताना दिसला तर दार न उघडता निवडीचा नॉब फक्त खालच्या रॉडवर टाका. फॉइल झाकण्याच्या खटपटीपेक्षा हे बरं.

बाहेर काढल्यावर मफिन पाच मिनिटं ट्रेमध्येच राहू द्या, मग जाळीवर काढा. ट्रेतच विसरले तर वाफेने बूड ओलं होतं. आणि गरम असताना कागद सोलू नका, निम्मा मफिन कागदाला राहतो.

बिघडलं तर कुठे बघायचं

माथा सपाट आला आणि मफिन पसरट दिसला तर पहिला संशय पातळ बॅटरवर घ्या, दुसरा कमी तापलेल्या ओव्हनवर. दोन्हींत फरक ओळखता येतो : पातळ बॅटरचा मफिन कडेने ट्रेवर वाहिलेला असतो, तर थंड ओव्हनचा आपल्या कागदातच नीट बसलेला पण बुटका आणि फिकट असतो. पावडर जुनी असेल तर मफिन बुटका तर असतोच, शिवाय कापल्यावर आतून गच्च लागतो. शंका आली तर अर्ध्या कप कडकडीत पाण्यात छोटा चमचाभर पावडर टाकून बघा, ती जोरात फसफसली पाहिजे.

वर चढून मग मध्ये खड्डा पडला तर एक तर दार लवकर उघडलंय, किंवा मफिन कच्चा असताना काढलाय, किंवा पावडर जास्त झालीय. ‘अजून थोडी घातली तर जास्त फुगेल’ हा हिशेब इथे उलटा पडतो. भिंती घट्ट व्हायच्या आतच बुडबुडे एकमेकांत मिसळून फुटतात.

सगळे डोम एकाच बाजूला कललेले असतील तर ट्रे मधोमध नव्हता किंवा ओव्हनची ती बाजू जास्त तापते. सहापैकी मागचे दोनच गडद असतील तर पुढच्या वेळी ट्रे थोडा दाराकडे ओढा. माथा छान आणि आतून कच्चा निघाला तर गरम टप्पा लांबलाय. तो एक मिनिट कमी करा आणि मंद टप्पा दोन-तीन मिनिटं वाढवा.

हे कुठे वापरायचं नाही

क्रीम लावायच्या कपकेकला सपाट माथा हवा, तिथे ही पद्धत नको. मिनी मफिन इतके लहान असतात की गरम टप्प्यातच निम्मे शिजतात. ते १९० वर एकसारखे दहा-अकरा मिनिटं भाजा. मोठ्या, जंबो साच्यात मात्र गरम टप्पा सात-आठ मिनिटांचा करा आणि मंद टप्प्याला वीसेक मिनिटं द्या. सिलिकॉनच्या साच्यातून उष्णता सावकाश आत जाते, कडा पकडत नाहीत आणि डोम जेमतेम येतो. धातूचाच ट्रे घ्या.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये पंखा असतो, म्हणून आकडे वीसेक अंशांनी कमी करा : २०० वर सहा मिनिटं, मग १६०. त्यात मफिन पंख्याच्या बाजूला कलायची शक्यता जास्त असते, तेव्हा फिरती ताटली चालू राहू द्या आणि त्यावर मावेल असाच गोल किंवा छोटा ट्रे घ्या. परदेशातल्या मोठ्या ओव्हनवर फॅरनहाइट असेल तर ४२५ आणि मग ३५०. हे ओव्हन उष्णता जास्त वेळ धरून ठेवतात, त्यामुळे पहिल्या खेपेला पाचव्या मिनिटालाच उतरवून बघा.

दुप्पट प्रमाण केलं असेल तर दुसरा ट्रे लगेच आत ढकलू नका. पहिला निघतो तेव्हा ओव्हन १७५ वर असतो. नॉब पुन्हा २३० वर नेऊन आठ-दहा मिनिटं द्या, थर्मामीटरवर आकडा दिसू द्या आणि तोवर दुसऱ्या खेपेचं बॅटर भांड्यातच झाकून ठेवा. गरम ट्रेमध्ये बॅटर भरायचं नाही. तो नळाखाली गार करून, पुसून, नवे कागद लावून मगच भरा, नाहीतर ओव्हनमध्ये जायच्या आधीच तळाशी बॅटर फुगायला लागतं.